क्रीम वरच्या थरात, चीर खालच्या थरात: स्ट्रेच मार्क्सच्या दाव्यांची तपासणी

स्ट्रेच मार्क्सच्या क्रीमवर साधारण अशा धाटणीचं वाक्य असतं: "स्ट्रेच मार्क्स दिसणे कमी करण्यास मदत करते." हे वाक्य सावकाश वाचा. क्रीम मार्क्स थांबवते असं त्यात म्हटलेलं नाही. घालवते असंही नाही. 'दिसणं' कमी करते, तेही स्वतः नाही, तर कमी करायला 'मदत' करते. वकिलाने तपासून दिलेलं वाक्य आहे हे! पण पाचव्या महिन्यात दुकानात उभ्या असलेल्या बाईला ते वेगळंच ऐकू येतं: "हे लावलं तर पोटावर खुणा पडणार नाहीत."

मैत्रिणींकडून, वहिनीकडून हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की एकदाच नीट लिहून टाकावं म्हटलं. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. नावापुढे लागेल तो 'डॉक्टर'सुद्धा पीएचडीचा, आणि तोही अजून लागायचा आहे. पण संशोधनाचे पेपर वाचणं हे माझं रोजचं काम आहे. या विषयातले पेपर वाचताना एकच प्रश्न विचारत राहिलं तर बराच गुंता सुटतो: कशाशी तुलना केली?

आधी शरीरात काय होतं ते

त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर पोटावर मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहून पातळ असतो. त्याखाली जिवंत पेशींची बाह्यत्वचा आणि तिच्याखाली अंतस्त्वचा. ही अंतस्त्वचा एक-दोन मिलिमीटर किंवा जास्त जाड असते आणि त्वचेची सगळी मजबुती तिच्यात असते. तिथे कोलेजनचे दोर आणि इलॅस्टिनचे तंतू विणलेले असतात. कोलेजन ताण पेलतं, आणि ताण गेल्यावर त्वचेला परत मूळ जागी आणायचं काम इलॅस्टिन करतं.

स्ट्रेच मार्क म्हणजे या विणीला पडलेली चीर. वरची त्वचा शाबूत असते, म्हणून रक्त येत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या गटाने गरोदर बायकांच्या ताज्या खुणांमधून त्वचेचे नमुने घेऊन तपासले. इलॅस्टिनचं जाळं तिथे तुटलेलं होतं. शरीर नवीन तंतू तयार करायला लागलेलं होतं, पण ते बारीक, विस्कळीत होते आणि त्यांची पुन्हा नीट वीण होत नव्हती. शिवणीतून उसवलेलं कापड आणि वर नुसते दोऱ्याचे तुकडे टाकलेले, असं काहीसं.

आता क्रीमकडे बघा. औषधशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. कोलेजनचा अख्खा रेणू सुमारे ३,००,००० डाल्टनचा असतो. त्यामुळे 'कोलेजनयुक्त' क्रीममधलं कोलेजन त्वचेवर बसतं, ओलावा धरून ठेवतं, हात फिरवला की मऊ लागतं. पण तुटलेल्या विणीपर्यंत पोचून तिथे दुरुस्ती करणं त्याला शक्य नाही. दाराच्या फटीतून कपाट आत ढकलण्यासारखं आहे ते.

अर्थात, 'शक्य वाटत नाही' एवढ्यावर विज्ञान थांबत नाही. लावून बघायचं आणि मोजायचं. तसं लोकांनी मोजलंही आहे.

नकली लोशन लावलेल्या ४३ बायका

२००८ साली लेबनॉनमधल्या डॉक्टरांनी कोको बटर लोशनची चाचणी प्रसिद्ध केली. पहिल्यांदाच गरोदर असलेल्या १७५ बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट पाडले: ९१ जणींना कोको बटरचं लोशन, ८४ जणींना कोको बटर नसलेलं. कोणाला कुठलं मिळालंय हे त्यांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही.

निकाल असा: कोको बटरवाल्या गटात ४५.१ टक्के जणींना खुणा पडल्या, दुसऱ्या गटात ४८.८ टक्के. हा फरक योगायोगात सहज बसतो.

पण मला या पेपरमधली खरी गंमत उलट बाजूने वाचल्यावर दिसली. नकली लोशन लावलेल्या ८४ पैकी ४३ जणींच्या त्वचेवर एकही खूण पडली नाही. समजा या ४३ जणींना कोणी सांगितलंच नसतं की तुमचं लोशन नकली होतं. त्या काय म्हणाल्या असत्या? "मी रोज न चुकता लावलं, मला एकही मार्क नाही. तू पण हेच घे." त्यातली एकही खोटं बोलत नाहीये. लोशन लावलं हे खरं, खुणा पडल्या नाहीत हेही खरं. फक्त पहिल्यामुळे दुसरं झालं, हा जोड त्यांचा आहे.

ऑनलाइन दुकानातले पाच चांदण्यांचे अभिप्राय, नणंदेचा अनुभव, "आमच्या वेळी आम्ही हेच लावायचो" या सगळ्यांचं मूळ हेच. ज्या गोष्टीत काहीही न करता जवळपास निम्म्या जणी सुटतात, तिथे कुठल्याही बाटलीला निम्मे साक्षीदार फुकट मिळतात.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. नकली लोशनसुद्धा शेवटी लोशनच, त्वचा मऊ ठेवणारं. मग दोन्हींचा उपयोग झाला आणि म्हणून फरक दिसला नाही, असं नसेल कशावरून? म्हणून 'काहीच न लावणं' याच्याशी केलेली तुलनाही बघावी लागते. इराणमध्ये ऑलिव्ह तेलाच्या चाचण्यांत ती केली गेली. तिथेही तेलाने खुणा टळल्या असं निघालं नाही. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने अशा सहा चाचण्या, मिळून ८०० बायका, एकत्र तपासल्या. क्रीम, लोशन किंवा तेलाने स्ट्रेच मार्क्स टळतात याला चांगल्या दर्जाचा पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

एका बाईवर टेकलेला पुरावा

"पण अमुक घटक वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध आहे" हे तुम्ही वाचलं असेल. तो घटक बहुतेक वेळा सेंटेला एशियाटिका असतो, म्हणजे आपली ब्राह्मी म्हणून विकली जाणारी मंडूकपर्णी. या दाव्याचा मूळ आधार म्हणजे १९९१ सालची स्पेनमधली एक चाचणी. ती वाईट नव्हती, नकली क्रीमशी तुलना होती. पण तिच्या आकड्यांजवळ जाऊन बघू.

चाचणीत १०० बायका घेतल्या. निकाल ८० जणींचा मिळतो. खरं क्रीम लावलेल्या ४१ पैकी १४ जणींना खुणा पडल्या, म्हणजे ३४ टक्के. नकली क्रीमच्या ३९ पैकी २२ जणींना, म्हणजे ५६ टक्के. दिसायला फरक मोठा आहे. मी हे आकडे साध्या काय-स्क्वेअर चाचणीत घालून बघितले. क्रीमचा शून्य उपयोग असता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ०.०४५ येते. आमच्याकडे ०.०५ ही रूढ रेषा. तिच्या खाली आलं की निकालाला 'लक्षणीय' म्हणतात. म्हणजे हा निकाल जेमतेम आत आला.

आता १४ च्या जागी १५ करा. क्रीम लावलेल्या फक्त एका बाईला जास्तीची खूण पडली असती असं समजा. तीच शक्यता ०.०७५ होते आणि निकाल रेषेबाहेर जातो. इथे निकालात न धरलेल्या बायका २० आहेत! क्रीमने फरक पडत नाही असं वाटून कोणी मध्येच सोडलं असेल, कोणाला क्रीमने खाज सुटली असेल, कोणी माहेरी गेली असेल. त्या वीस जणींपैकी दोघी-चौघींनी चित्र इकडचं तिकडे केलं असतं.

शिवाय त्या क्रीममध्ये मंडूकपर्णीच्या अर्काबरोबर ई जीवनसत्त्व आणि कोलेजन-इलॅस्टिनचे तुकडेही होते. गुण आला असेल तर कोणाचा, हे त्या चाचणीतून कळत नाही. मग आज दुसऱ्याच कंपनीच्या, दुसऱ्याच प्रमाणात अर्क असलेल्या बाटलीवर 'सिद्ध' हा शब्द कुठून येतो? या चाचणीचा प्रामाणिक अर्थ एवढाच होता की आशा दिसते आहे, मोठ्या गटावर पुन्हा करून बघा. जाहिरातीत येईपर्यंत त्यातला दुसरा भाग गळून गेला.

बदामाचं तेल आणि पंधरा मिनिटं

आपल्याकडे बदामाच्या तेलाचा मान मोठा, म्हणून २०१२ सालच्या तुर्कस्तानातल्या अभ्यासाबद्दल लिहायलाच हवं. १४१ पहिलटकरणी, तीन गट. कडू बदामाचं तेल लावून पंधरा मिनिटं मालिश करणाऱ्या गटात २० टक्के जणींना खुणा पडल्या. तेच तेल नुसतं लावणाऱ्या गटात ३८.८ टक्के. काहीच न लावणाऱ्या गटात ४१.२ टक्के.

"बदाम तेलाने मार्क्स निम्म्यावर येतात" ही बातमी यातूनच निघते. पण तुलना नीट लावा. नुसतं तेल आणि काहीच नाही, यात फरक जवळजवळ नाही. म्हणजे तेलाची बाजू याच अभ्यासाने पाडली. उरली मालिश. आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ही या अभ्यासाची दुखरी बाजू. गरोदरपणात नेमाने पंधरा मिनिटं पोटाला मालिश करू शकणाऱ्या बाईचं वय, वजन, घरचं काम, विश्रांती हे सगळंच वेगळं असू शकतं. शिवाय कोण मालिश करतंय हे लपवता येत नाही. हलक्या हाताची मालिश आवडत असेल तर जरूर करा. पण महागड्या तेलाची बाटली घेण्याचं कारण या अभ्यासात सापडत नाही.

मग खुणा कोणाला पडतात?

आई-बहिणीला असतील तर शक्यता जास्त. कमी वयात गरोदर राहिलेल्यांना जास्त. आधीचं वजन, गरोदरपणात वाढलेलं वजन आणि बाळाचं वजन यांचाही संबंध दिसतो. २०१३ साली युरोपीय वंशाच्या ३३,९३० लोकांच्या जनुकीय माहितीत शोध घेतला, तेव्हा संबंध दिसलेल्या जागांपैकी एक इलॅस्टिन तयार करणाऱ्या जनुकाजवळ निघाली. विणीचा धागाच कोणाचा कसा आहे, यावर बरंच ठरतं. त्यामुळे "तू लावायचा आळस केलास म्हणून पडले" हे वाक्य घरात कोणी म्हणत असेल तर त्याला आधार नाही.

"खाजवू नको, खुणा पडतील" हेही तसंच. हा सल्ला फार जुना आहे. चरकसंहितेत शारीरस्थानात सातव्या महिन्याच्या वर्णनात खाज आणि 'किक्किस' यांचा उल्लेख येतो आणि खाजवणं टाळायलाही सांगितलंय. निरीक्षण अचूक आहे: खाज आणि रेषा एकाच काळात, एकाच जागी येतात. पण दोन्ही त्वचा ताणल्यामुळे येतात. नखाने वरची त्वचा सोलवटेल, आतली वीण उसवत नाही.

आणि क्रीमचं खरं काम इथेच आहे. कोरडेपणा आणि ताणाची खाज साध्या मॉइश्चरायझरने नक्की कमी होते. साधं, सुगंध नसलेलं, खिशाला परवडणारं घ्या. फक्त दोन गोष्टी क्रीमखाली झाकू नका. पोटावरच्या रेषांमध्येच लाल, खाजरे पुरळ उठले आणि ते पसरत असतील तर दाखवून घ्या. आणि शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, प्रचंड खाज सुटली तर लगेच प्रसूतितज्ज्ञांना सांगा. ते यकृतातल्या पित्ताच्या अडथळ्याचं लक्षण असू शकतं, रक्ततपासणीत कळतं, आणि बाळाच्या दृष्टीने ते महत्त्वाचं असतं.

पडलेल्या खुणा: आधी रंग बघा

उपचारांचा विचार करताना पहिला प्रश्न 'कुठलं क्रीम' हा नसून 'खूण किती जुनी' हा आहे. ताजी खूण लाल, जांभळी किंवा आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर गडद तपकिरी दिसते, किंचित उठलेली असते, कधी खाजते. काही महिने ते वर्षभरात, कधी त्याहून जास्त काळाने, ती फिकट होते, खाली बसते आणि तिच्यावर सिगरेटच्या कागदासारख्या बारीक सुरकुत्या येतात. पहिल्या टप्प्यात तिथे अजून घडामोड चालू असते. दुसऱ्या टप्प्यात तो व्रण झालेला असतो.

ताज्या खुणांसाठी ज्याच्या मागे बऱ्यापैकी पुरावा आहे ते औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. १९९६ सालच्या चाचणीत २२ जणांनी सहा महिने रोज ०.१ टक्के ट्रेटिनॉइन किंवा औषध नसलेलं तेच क्रीम लावलं. औषधाच्या गटात १० पैकी ८ जणांना स्पष्ट सुधारणा, दुसऱ्या गटात १२ पैकी एकाला. चाचणी लहानच आहे, पण तुलना नीट आहे. मात्र सुधारणा म्हणजे किती? खुणांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. नाहीशा झाल्या नाहीत. त्वचा लाल होणं, सोलवटणं हे त्याबरोबर येतंच. आणि गरोदरपणात ट्रेटिनॉइन वापरायचं नाही. बाळ अंगावर पीत असेल तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. म्हणजे प्रतिबंधासाठी ते बादच, आणि जुन्या पांढऱ्या खुणांवर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

जुन्या, पांढऱ्या खुणा

इथे क्रीमचा विषय जवळपास संपतो. आत पोचायचं तर त्वचेला मुद्दाम, मोजून जखम करावी लागते, म्हणजे ती भरताना नवं कोलेजन तयार होतं. त्याचे दोन मुख्य मार्ग. फ्रॅक्शनल लेसर प्रकाशाने त्वचेत सूक्ष्म खांबांसारख्या जखमा करतो आणि मधली त्वचा शाबूत ठेवतो. मायक्रोनीडलिंग हेच काम बारीक सुयांनी करतं. दोन्हींना साधारण महिन्याच्या अंतराने तीन ते सहा बैठका लागतात, आणि परिणाम शेवटच्या बैठकीनंतरही काही महिने हळूहळू दिसत राहतो.

मिळतं काय? पोत सुधारतो, खोलगटपणा कमी होतो, रेषा अरुंद होतात. पांढरेपणा मात्र चिवट असतो. रंग परत आणायला ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर वापरतात, पण त्याने आलेला रंग टिकवायला पुन्हा पुन्हा बैठका घ्याव्या लागतात. पोत त्यानेही बदलत नाही.

आपल्या त्वचेसाठी सगळ्यात महत्त्वाचा धोका वेगळाच आहे. सावळ्या त्वचेला जखम झाली की ती भरताना काळा डाग मागे ठेवते. लेसरच्या उष्णतेने हे जास्त होऊ शकतं, मग पांढऱ्या रेषेच्या जागी महिनोन्महिने काळी जाळी दिसते. सुयांमध्ये उष्णता नसल्याने हा धोका तुलनेने कमी. त्यामुळे गोऱ्या त्वचेवरचे सुंदर फोटो बघून निर्णय घेऊ नका. क्लिनिकमध्ये विचारा: "माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवर केलेलं दाखवा", आणि "आधी एका कोपऱ्यातल्या रेषेवर करून सहा-आठ आठवडे थांबूया का?" दुसऱ्या प्रश्नाला तयार नसलेल्या ठिकाणी मी तरी पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरणार नाही. जखमेचे व्रण उंच वाढण्याची, म्हणजे केलॉइडची, प्रवृत्ती असेल तर ते स्वतःहून सांगा.

फोटोंबद्दलही एक. खोलगट रेष बाजूने उजेड पडला की सावलीमुळे उठून दिसते, समोरून फ्लॅश मारला की गायब होते. 'आधी'चा फोटो खिडकीशेजारी आणि 'नंतर'चा फ्लॅशने काढला, तर उपचार न करताही सुधारणा दाखवता येते. दोन्ही फोटोंत सावल्या एकाच बाजूला पडल्यात का, ते आधी बघा.

घरच्या घरी तुलना

बाळंतपणानंतर क्रीम लावायचंच असेल तर ते पोटाच्या फक्त डाव्या बाजूला लावा. उजवी बाजू तशीच ठेवा. पहिल्या दिवशी एका ठरावीक दिव्याखाली, दिवा बाजूला ठेवून फोटो काढा, आणि बारा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच दिव्याखाली पुन्हा. मग कुठल्या बाजूला काय लावलं हे न सांगता बहिणीला विचारा की कुठली बाजू जास्त चांगली. या काळात खुणा आपोआपही फिकट होतातच, त्यामुळे दोन्ही बाजू आधीपेक्षा बऱ्या दिसतील. बघायचं ते डावी-उजवीतला फरक. तो दिसला नाही, तर दुसरी बाटली आणायची गरज नाही.